क्रॅश ट्रॉलीचं सील शाबूत असेल तर रोज आतली औषधं मोजायची का?

प्रश्न: आमच्या ग्रामीण रुग्णालयात ट्रॉलीला नंबरचं प्लास्टिक सील आहे. ते तुटलेलं नसेल तर रोज उघडून बघायचं का?

उत्तर: रोज उघडू नका. सीलवरचा नंबर रजिस्टरच्या शेवटच्या नोंदीशी ताडून पाहा आणि बाहेरच्या टॅगवरची तारीख वाचा. नंबर जुळला नाही तर मात्र लगेच उघडून पूर्ण यादी मोजा.

खरी चूक पुन्हा भरताना होते. समजा टॅगवर ‘सर्वांत आधी संपणारं: अ‍ॅट्रोपिन, 09/2026’ आहे. रात्री अ‍ॅड्रेनालिनचे तीन अँप्युल वापरले. सकाळी स्टोअरमधून तीन आले, पण त्यांच्यावर 06/2026 आहे. सिस्टरने नवं सील लावलं, नंबर लिहिला, टॅग तसाच ठेवला. आता जुलैत सील शाबूत, नंबर बरोबर, आणि आत मुदत संपलेलं अ‍ॅड्रेनालिन. म्हणून सील लावण्याआधी नव्या अँप्युलची तारीख टॅगशी ताडायची. ती आधीची असेल तर टॅग बदलायचाच. तुटलेल्या सीलचा नंबर, नव्याचा नंबर, तुटण्याचं कारण आणि दोन सह्या एकाच ओळीत हव्यात. 06/2026 म्हणजे 30 जूनपर्यंत चालतं.

महिन्यातून एकदा सील तोडून सगळं मोजाच. डिफिब, सक्शन, ऑक्सिजन सिलिंडर सीलबाहेर असतात, ते रोज चालवून बघा. सक्सामेथोनियम फ्रीजमध्येच ठेवा, ट्रॉलीवर फक्त तशी चिठ्ठी लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात ट्रॉली पश्चिमेच्या खिडकीखाली नको. उन्हात तापलेल्या औषधाच्या छापील तारखेवर भरवसा ठेवता येत नाही.