‘ओके’ नेमके कशाला दिले?

प्रश्न : मी घरगुती मसाले विकते. ए-५ आकाराच्या ५,००० पत्रकांचे डिझाइन मीच मोबाइलवर १४८ बाय २१० मिलिमीटर मापाचे करून पीडीएफ दिले. छपाई ७,५०० रुपये, त्यातले ५,००० आगाऊ. उजव्या कडेच्या फोन नंबरचा शेवटचा आकडा अर्धा कापला गेला आहे. ६०० पत्रके वाटल्यावर हे लक्षात आले. प्रेसवाले म्हणतात, ‘प्रूफच्या चित्राला तुम्ही व्हॉट्सॲपवर ओके दिले. मंजुरीनंतरच्या चुकांना प्रेस जबाबदार नाही, अशी अट बिलावर आहे. उरलेले पैसे द्या.’ ग्राहक आयोगात जाऊ का? — एक वाचक, मिरज

उत्तर : आयोगाचे नंतर पाहू. आधी एक स्टीलची पट्टी घ्या, कारण आपला दावा उभा राहतो की पडतो, हे बिलावरच्या त्या अटीवर ठरेल आणि त्या अटीचा अर्थ पत्रकाच्या मापांवरून लागेल.

मूळ फाइलमध्ये आडव्या रेषेतले असे दोन बिंदू निवडा, ज्यांच्यातील अंतर बरोबर १०० मिमी आहे, आणि तेच अंतर छापील पत्रकावर मोजा. ते १०४ मिमी भरले, तर प्रेसने आपले डिझाइन मोठे केले आहे. आपण कडेबाहेर ब्लीड, म्हणजे कापून जाण्यासाठी सोडायची प्रत्येक बाजूची ३ मिमी वाढीव छपाई, ठेवलीच नव्हती. ती नसेल आणि सुरी जराशी सरकली, तर कडेला पांढरी पट्टी दिसते. ती टाळण्यासाठी काही प्रेसवाले १४८ ची रुंदी ताणून १५४ करतात आणि मग १४८ वर कापतात. आपला आकडा कडेपासून २ मिमी आत होता असे धरा. तो मध्यरेषेपासून ७२ मिमीवर होता, चार टक्के वाढल्यावर जवळजवळ ७५ मिमीवर गेला, आणि सुरी ७४ वर पडली. आकड्याचा मिलिमीटरभर भाग तिथेच गेला.

असे झाले असेल, तर प्रूफचे चित्र उघडा. त्यात कापणीच्या खुणा नसतील आणि आकडा पूर्ण दिसत असेल, तर आपले ‘ओके’ त्या चित्राला होते. न विचारता मोठे करून छापलेल्या मजकुराला ती मंजुरी लागू होत नाही, असा युक्तिवाद आपल्याला ठामपणे करता येईल. उलट, त्या चित्रात कापणीची रेष आकड्यावरूनच गेलेली असेल, तर अट आपल्याविरुद्ध जाईल आणि मी आपल्याला खर्चात पडू नका असेच सांगेन.

अंतर १०० मिमीच असून पत्रकच १४२ मिमी रुंद भरले, तर मागवलेल्या मापाचा मालच मिळालेला नाही. ती चूक सरळ प्रेसची आहे. पत्रक १४८ चेच असून डाव्या कडेला पांढरी पट्टी दिसत असेल, तर गठ्ठा सुरीखाली सरकला आहे. अर्धा-एक मिलिमीटर सरकणे या कामात गृहीत धरतात. दोनच्या वर सरकणे हा निष्काळजीपणा आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यावर धंदा चालतो तो फोन नंबर कडेपासून किमान तीन, शक्यतो पाच मिलिमीटर आत, म्हणजे सेफ एरियात, असायला हवा होता, आणि गठ्ठा सोडल्यावर पहिले पत्रक वाटण्याआधी पाहायला हवे होते. भरपाई ठरताना ही बाब आपल्याविरुद्ध मांडली जाईल.

त्या ६०० पत्रकांनी दुसरी अडचण केली आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार माल आपलाच समजून वापरला, किंवा वाजवी मुदतीत नाकारला नाही, तर तो स्वीकारला असे मानले जाते. त्यामुळे संपूर्ण माल परत करण्याचा हक्क बहुधा गेला आहे. कलम ५९ खाली किंमत कमी करून मागण्याचा मार्ग मात्र उरतो. छपाईचे काम विक्री की सेवा, यावर वाद होऊ शकतो, म्हणून नोटिशीत सदोष सेवेचाही उल्लेख असू द्या.

नोटीस आजच स्पीड पोस्टाने पाठवा, तिच्यात पट्टीने मोजलेली मापे लिहा, आणि उरलेले २,५०० रुपये कोणत्या कारणासाठी रोखले आहेत हे नमूद करा. न वाटलेली पत्रके, मूळ पीडीएफ आणि व्हॉट्सॲपचा तो फोन जपून ठेवा. संभाषण पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागेल.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. व्यवसाय व्यापारी हेतूचा आहे, म्हणून आपण कायद्याच्या अर्थाने ग्राहक नाही, असा आक्षेप येईल; आपण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी हे काम करता, हे तक्रारीतच लिहा. तो आक्षेप टिकेल की नाही, हे आपल्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि साडेसात हजारांच्या वादासाठी माणसाने इतके थांबावे हे मला पटत नाही. मापे घेऊन एकदा प्रेसमध्ये जा. फेरछपाईचा कागद आपला आणि छपाई त्यांची, एवढ्यावर ते तयार झाले तर तसे लेखी घ्या. त्या वेळी फाइल १५४ बाय २१६ ची करून द्या.