सांध्यावरची उष्णता कुठे अडते?

प्रश्न: पॉवर मॉड्यूलचा अॅल्युमिनियमचा तळ थंड प्लेटवर स्प्रिंग क्लॅम्पने दाबून बसवला आहे. दोन्ही पृष्ठभाग मिलिंग करून सपाट केलेत, तरी सांध्यावर पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. व्हॅक्यूम चेंबरमध्ये तोच फरक दुपटीच्या वर जातो. असं का?

कारण ते दोन पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ शिवतच नाहीत. मिलिंग केलेला पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगराळ मुलूख असतो, काही मायक्रोमीटर उंचीच्या शिखरांचा. अशा दोन मुलुखांना एकमेकांवर उपडं ठेवलं की फक्त सगळ्यांत उंच शिखरं भेटतात. त्यांच्यावर एवढा ताण येतो की ती चेपतात. एकूण बल पेलण्याइतकी जागा तयार झाली की चेपणं थांबतं. म्हणजे खरा स्पर्श किती, हे लावलेलं बल भागिले धातूचा कठीणपणा यावरून ठरतं.

आकडे घालून पाहू. तळ ४० बाय ४० मिलिमीटर, म्हणजे १६०० चौरस मिलिमीटर. स्प्रिंगचं बल १६० न्यूटन धरा, साधारण १६ किलोचं वजन ठेवल्यासारखं. दाब झाला ०.१ मेगापास्कल. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पृष्ठभागाचा सूक्ष्म कठीणपणा सुमारे १२०० मेगापास्कल. भागाकार केला तर खरा स्पर्श निघतो ०.१३ चौरस मिलिमीटर. खसखशीच्या एका दाण्याने झाकली जाणारी जागासुद्धा याहून मोठी असते, आणि हा स्पर्शही इथे असंख्य ठिपक्यांत विखुरलेला आहे.

आता उष्णतेच्या बाजूने बघा. धातूत पसरून येणारा प्रवाह त्या ठिपक्यांपाशी आकसतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पसरतो. रोध आहे तो या आकसण्या-पसरण्यात, ठिपक्याभोवतीच्या धातूत. तिथे वेगळा असा अडथळ्याचा थर नसतो. एका ठिपक्याचा रोध त्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, क्षेत्रफळाच्या नव्हे. त्यामुळे तेवढंच क्षेत्रफळ एका मोठ्या ठिपक्यात असण्यापेक्षा शंभर छोट्यांत वाटलेलं असेल, तर उष्णता जास्त सहज जाते. दाब वाढवला की मुख्यतः ठिपक्यांची संख्या वाढते, प्रत्येकाचा आकार फारसा नाही. म्हणून धातूतून जाणारी वाहकता दाबाच्या जवळजवळ समप्रमाणात वाढते. कूपर, मिकिच आणि योव्हानोविच यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे योव्हानोविचने सुधारलेल्या प्रारूपात हे असं येतं:

```
h = 1.25 k (m/σ) (P/H)^0.95
```

h म्हणजे सांध्याची दर चौरस मीटरमागची वाहकता, σ म्हणजे दोन्ही पृष्ठभागांचा मिळून खडबडीतपणा, m म्हणजे शिखरांच्या उतारांची सरासरी, k धातूची वाहकता, P दाब, H कठीणपणा. यातून निघणारी एक गोष्ट मला पहिल्यांदा पटलीच नव्हती: बल तेच ठेवून तळ दुप्पट मोठा केला, तर धातूतून होणारं एकूण वहन जवळपास तेवढंच राहतं. जागा दुप्पट होते, पण दाब निम्मा होतो.

तुमच्यासारख्या मिलिंगला σ २.३ मायक्रोमीटर आणि m ०.२ धरला, तर वाहकता येते सुमारे २४५० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. मॉड्यूल ५० वॅट सोडत असेल, तर नुसत्या धातूच्या वाटेने फरक पडेल जवळपास १३ अंश. तुमचा फरक हवेत यापेक्षा कमी आहे, कारण शिखरांच्या मधल्या दऱ्यांत हवा आहे.

हवा उष्णतेची वाईट वाहक, हे आपण शाळेत शिकतो. पण इथे तिची जाडी फक्त नऊएक मायक्रोमीटर आहे आणि वाट जवळजवळ सगळ्या १६०० चौरस मिलिमीटरवर पसरलेली आहे. हवेची वाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति अंश, तिला त्या जाडीने भागा, २९०० मिळतात, म्हणजे धातूच्या वाटेपेक्षाही जास्त. दोन्ही वाटा समांतर, बेरीज ५३५०, फरक सहा अंशांच्या आत. चेंबरमध्ये तुम्ही निम्म्याहून अधिक वाट उपसून टाकता. फटीतून होणाऱ्या प्रारणाचा हिशोब सोडून द्या. खोलीच्या तापमानाला ते फार तर सहा-एक वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश.

मीही एकदा यात फसलो आहे. टेबलावर तासन्‌तास नीट चाललेला संच चेंबरमध्ये गरम होऊन बंद पडला, आणि आम्ही दोन दिवस बाहेरून वाहून जाणाऱ्या हवेचा थंडावा गेला म्हणून तेच हिशोब करत बसलो. दोष कुठला हे ओळखायची सोपी खूण होती. वायूची वाहकता दाब कमी केल्याने लगेच घटत नाही. रेणू कमी होतात, पण प्रत्येक रेणू न धडकता जास्त लांब जातो, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात. हे चालतं ते रेणूची धाव फटीएवढी होईपर्यंतच. वातावरणीय दाबाला ही धाव ०.०७ मायक्रोमीटरच्या आसपास असते, आणि दाब कमी होईल त्या पटीत ती वाढते. शिवाय भिंतीवर आपटलेला रेणू तिचं तापमान पूर्णपणे घेत नाही, म्हणून फट प्रत्यक्षाहून धावेच्या पाचेक पट जास्त रुंद असल्यासारखी वागते.

तुमच्याच सांध्याचा हिशोब केला तर १००० मिलिबारला फरक ५.८ अंश, १०० मिलिबारला जेमतेम ६.८, १० ला १० अंशांच्या वर आणि १ मिलिबारला १२.४. तिथून खाली पंप कितीही चालवा, फारसं काही बदलत नाही. पंप थांबवत थांबवत असा आलेख काढा. सुरुवातीला सपाट आणि १०० ते १ मिलिबारमध्ये उडी, असं दिसलं तर गुन्हेगार फटीतली हवा आहे. मोजताना मात्र दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोलीवर थर्मोकपल लावून तापमानाची रेघ सांध्यापर्यंत वाढवा. अगदी कडेला टेकवलेला एकच थर्मोकपल फसवतो.

उपाय म्हणून पहिला मोह पॉलिशचा होतो. खडबडीतपणा चौपट कमी केला तर उतारही सौम्य होतात, म्हणून धातूची वाट चौपट न होता सव्वादोन पट होते आणि व्हॅक्यूममधला फरक साडेपाच अंशांवर येतो. हवेत फायदा मोठा, कारण फट खरोखर चौपट अरुंद होते आणि फरक दोन अंशांवर उतरतो. पण प्लेट मधोमध २० मायक्रोमीटर फुगीर असेल, तर हे सगळं पॉलिश पाण्यात.

बल वाढवणं जास्त खात्रीचं. दाब १ मेगापास्कलवर नेलात तर व्हॅक्यूममध्येही फरक दीड अंशाच्या आत येतो, आणि हवा असो-नसो फारसा फरकच राहत नाही. त्यासाठी १६०० न्यूटन लागतील. एक एम४ बोल्ट तेवढं सहज देतो, पण ते बल बोल्टच्या डोक्याभोवतीच एकवटतं. चार कोपऱ्यांत बोल्ट आवळले की पातळ तळ मध्ये उचलला जातो, आणि उष्णता बहुधा मध्येच असते. जाड तळ घ्या किंवा मधोमध दाबणारी पट्टी टाका. एक गंमत म्हणजे सांधा आधी जास्त दाबून मग सैल केला, तरी त्याच दाबाला तो पहिल्यापेक्षा चांगला वाहतो, कारण चेपलेली शिखरं पूर्ण वर येत नाहीत. म्हणून दोन वाचनांची तुलना करताना आवळण्याचा इतिहास लिहून ठेवा.

हवेत काम असेल तर साधं थर्मल ग्रीस पातळ लावा आणि विसरा. व्हॅक्यूममध्ये साधं सिलिकॉन ग्रीस वाफ सोडतं, ती जवळच्या काचांवर बसते. तिथे मी इंडियमचा पातळ पत्रा घालतो. तो इतका मऊ असतो की वरच्या सूत्रातला H कितीतरी पटींनी खाली येतो आणि तो दऱ्यांत शिरतो. फक्त १६ किलोच्या स्प्रिंगवर तो नीट बसत नाही. बोल्टने एकदा दाबून, रात्रभर तसाच ठेवून, सकाळी पुन्हा आवळावा लागतो, कारण तोवर तो पसरून सैल पडलेला असतो.