दिवा विझलाय असं वाटलं तरी

नववीच्या मुलांनो, प्रयोगशाळेत पहिल्यांदाच स्पिरिटचा दिवा हाताळणार आहात, म्हणून सांगतो. खिडकीजवळच्या उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही. गेल्या वर्षी एकाने ‘विझलाय’ समजून पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायला बाटली उचलली. मी वेळेवर हात धरला. ज्योतीने वाफ पेटली असती आणि आग थेट बाटलीत शिरली असती. म्हणून आधी टोपण घाला, दिवा पूर्ण गार होऊ द्या, मगच नरसाळ्याने दोन तृतीयांशापर्यंत भरा. सांडलेलं पुसल्याशिवाय काडी ओढू नका. फुंकर तर मारूच नका, टोपणच घाला. एका दिव्यावर दुसरा तिरका करून पेटवणंही बंद. स्पिरिट सांडतं ते तिथेच.