तिसऱ्या प्रश्नातली गाठ

«मुलं चार-पाच प्रश्न एकदम लिहून देतात. त्यातला एखादा मुळातच चुकीच्या समजुतीवर उभा असतो. ती चूक समजावत बसलं की बाकीचे प्रश्न राहून जातात आणि मूलही हिरमुसतं. कसं सांगावं?»

ताई, एका मुलीने मला चंद्राबद्दल दिलेली यादी सांगते. चंद्र किती लांब आहे? त्याची एकच बाजू का दिसते? पलीकडच्या बाजूला कायम अंधार असतो, मग तिथली चिनी गाडी सौरऊर्जेवर कशी चालते? आणि तिथे थंडी किती असते?

गाठ तिसऱ्यात आहे. तरी मी उत्तरांचा क्रम बदलला नाही. पहिल्याचं उत्तर एका ओळीचं: सरासरी 3,84,400 किलोमीटर. दुसऱ्यात, चंद्राला स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती फिरायला सारखेच, म्हणजे सुमारे 27.3 दिवस लागतात, हे सांगितलं. तो स्वतःभोवती फिरतो हे एकदा पटलं की तिसऱ्याची अर्धी वाट तिथेच मोकळी होते.

मग तिसऱ्याला असं लिहिलं: «ती बाजू आपल्याला दिसत नाही, पण ऊन तिथेही पडतं. आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा तर ती पूर्ण उजेडात असते. जानेवारी 2019 मध्ये तिथे उतरलेली युतू-2 साधारण दोन आठवड्यांच्या दिवसात काम करायची आणि तेवढ्याच लांब रात्री तिला झोपवून ठेवायचे.» दुरुस्ती पहिल्या दोन वाक्यांत संपली, उरलेलं उत्तर तिने विचारलेल्या गाडीचं. ‘तुझा प्रश्नच चुकीचा आहे’ असं कुठे म्हणावं लागलं नाही.

मात्र दुरुस्ती इतकी मऊही करू नका की ती कळणारच नाही. आधी एकदा याच प्रश्नावर एका मुलाला मी नुसतं «गाडी दिवसा चालते» एवढंच लिहिलं होतं. त्याने अर्थ लावला की उन्हासाठी गाडी अलीकडच्या बाजूला येते! अंधाराची समजूत जागेवरच राहिली आणि वर एक नवी बसली. म्हणून ‘ऊन तिथेही पडतं’ हे वाक्य सरळ, उघड हवंच. समजलं का हे बघायला मी त्याला नंतर एवढंच विचारलं, «पौर्णिमेला पलीकडे काय असेल?» «रात्र» असं उत्तर आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

अजून एक बघायचं, ते म्हणजे तीच समजूत दुसऱ्या कुठल्या प्रश्नात शिरली आहे का. इथे ती चौथ्यात होतीच, कारण कायम अंधार म्हणजे कायम थंडी. तिथे पुन्हा समजावलं नाही. «दुपारी 100 अंशांच्या वर, रात्री उणे 150 च्याही खाली» एवढंच लिहिलं. तिसरं उत्तर वाचून आलेल्या मुलीला तेवढं पुरलं. पण पहिल्याच प्रश्नात गाठ असेल आणि पुढचे सगळे तिच्यावर टेकलेले असतील, तर मात्र ती आधी सोडवा आणि मग यादीला हात घाला.