शाळा व्यवस्थापन समितीमुळे शाळा खरोखर सुधारते का?

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यामुळे मुलांच्या शिक्षणाचा दर्जा खरोखर सुधारतो का?

उत्तर: आपोआप सुधारत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे तिचे काम असते. मात्र शिक्षकाची बदली किंवा वेतन तिच्या हाती नसते. हीच खरी मेख आहे.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात या कायद्यापूर्वीच्या ग्राम शिक्षण समित्यांवर एक प्रयोग झाला, तेव्हा काही सदस्यांना आपण समितीत आहोत हेच ठाऊक नव्हते. गावोगावी बैठका घेऊन लोकांना अधिकार समजावले, मुलांचे वाचन तपासायला शिकवले, तरी शिक्षकांची उपस्थिती वाढली नाही. ज्या गावांत स्थानिक तरुणांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले, तिथे येणारी मुले मात्र वाचू लागली.

आपल्या समितीची पारख इतिवृत्ताच्या वहीवरून होते: सह्या घरोघरी फिरून घेतलेल्या असतील आणि ठराव केवळ रंगरंगोटीचे असतील, तर ती कागदावरच आहे. दरमहा दोन पालकांनी चौथीच्या मुलांकडून दुसरीचा उतारा वाचून घ्यावा आणि निष्कर्ष त्याच वहीत नोंदवावा.