आधी गाथा, मग मंगलाष्टकं

प्रश्न : मी कुणबी, होणारे मिस्टर बौद्ध. लग्न आमच्याच गावात, यवतमाळ जिल्ह्यात. मंगलाष्टकं घ्यायची की बुद्धवंदना? गाणी कोणती? कोणालाच कमीपणा वाटू नये.

उत्तर : दोन्ही घ्या, पण क्रमाचा विचार आधी करा. माझ्या पुतण्याच्या लग्नात आम्ही तिथेच चुकलो. दोन्हीकडचा वेळ अगदी सारखा ठेवला होता, आधी मंगलाष्टकं आणि नंतर गाथा. "सावधान" झालं, अक्षता पडल्या, बँड वाजला आणि लोक पंगतीकडे निघाले. बौद्धाचार्यांनी जयमंगल अट्ठगाथा सुरू केली तेव्हा अर्धा मांडव रिकामा होता. सुनेचे आजोबा म्हणाले, "आमच्या गाथा तं खुर्च्याइनंच आयकल्या." ते बोलणं मला अजून सलतं.

भाचीच्या वेळी क्रम उलटा केला. आधी वंदना, त्रिशरण, पंचशील. ते मागोमाग म्हणायचं असतं, म्हणून बौद्धाचार्यांनीच सांगितलं की ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं, बाकीच्यांनी हात जोडून उभं राहावं. मग गाथा, आणि लगेच मंगलाष्टकं. तांदळाऐवजी सगळ्यांच्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या आणि त्या शेवटी एकदाच टाकायच्या ठरल्या. बँडवाल्याला इशारा कोण करणार, तेही आदल्या दिवशीच ठरवलं, कारण तो "सावधान" ऐकला की थांबत नाही.

शब्दांकडे मात्र नीट बघा. गाथा पालीत आहेत आणि ठरलेल्या आहेत, त्यात बदल करता येत नाही. मंगलाष्टकं मात्र आपल्याकडे नव्यानं रचायची रीतच आहे. नेहमीचं पहिलं कडवं गणपतीचं असतं. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला देव मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ज्यांच्या घरानं ती घेतली, त्यांच्या मुलाला त्या कडव्यावर उभं करू नये. आम्ही गणेशपूजन आणि देवक आदल्या दिवशी मुलीच्या घरी मनासारखं केलं, आणि मांडवासाठी गावच्या गुरुजींकडून नवी कडवी लिहून घेतली. त्यात दोन्ही आज्या, दोन्ही गावं आणि आपला कापूस आला. भाचीची आजी आधी रुसली होती, पण स्वतःचं नाव ऐकून रडली.

दोघांनी स्वतः काही म्हणायचं असेल तर जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नांसाठी रचलेली मंगलाष्टकं बघा. त्यात वधू-वर एकमेकांशी बोलतात. बाबासाहेब फुल्यांना गुरू मानत, आणि तुमच्याकडच्यांनाही ते परके नाहीत. भाषा जुनी आहे, म्हणून आठवडाभर आधी मोठ्यानं वाचून बघा.

गाण्यांचं थोडक्यात : जेवणाच्या वेळी कबीराचे दोहे आणि तुकोबांचे अभंग लावा. वरातीत भीमगीतं वाजणारच, वाजू द्या. फक्त पहिल्याच गाण्याला तुमचे काका-मामा नाचायला उतरतील, एवढं त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.