मुलांना उताऱ्यातला पुरावा देऊन उत्तर द्यायला कसे शिकवावे?

प्रश्न: मी सातवीला मराठी शिकवतो. उताऱ्यावर प्रश्न विचारला की तीच चार मुले लगेच एका शब्दात उत्तर देतात. ‘का?’ विचारले की गप्प होतात. काय करावे?

उत्तर: मीही उच्च प्राथमिक वर्गांना मराठी शिकवते. मला वाटते, आधी प्रश्नानंतरची शांतता वाढवावी आणि मग पुरावा मागण्याची एकच ठरलेली पद्धत रोज वापरावी.

अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मुलाचे उत्तर संपल्यावरही तितक्याच घाईने बोलू लागतात, असे त्यांना आढळले. हे दोन्ही थांबे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवल्यावर उत्तरे लांबली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली आणि पुराव्यावरून अनुमान काढणारी वाक्ये वाढली. यातला पहिला थांबा बहुतेकांना ठाऊक असतो. मला मात्र उत्तरानंतरचा दुसरा थांबा अधिक मोलाचा वाटतो, कारण मूल आपले कारण बहुधा त्याच शांततेत जोडते.

एक उदाहरण घेऊ. वर्गासाठी मी स्वतः लिहिलेल्या एका उताऱ्यात अशी वाक्ये आहेत: ‘एसटीची वेळ झाली तशी आजी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मुलाने पिशवी उचलली तेव्हा ती म्हणाली, विहिरीचा दोर जुना झालाय, तेवढा बदलून जा.’ प्रश्न असा: मुलाने आज जावे असे आजीला वाटते का? याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत आयते सापडत नाही, म्हणूनच या प्रश्नापाशी थांबण्यात अर्थ आहे. ‘पिशवी कोणी उचलली?’ यासारख्या प्रश्नाला थांबून काही हाती लागत नाही.

प्रश्न एकदाच विचारावा आणि हात वर करायला न सांगता, ज्या ओळीवरून उत्तर सुचले त्या ओळीवर बोट ठेवायला सांगावे. मनात सावकाश पाचपर्यंत मोजावे. मुले अजून ओळी चाळत असतील तर आणखी थांबावे. त्यानंतर बाकावरच्या जोडीदाराला ती ओळ दाखवून मिनिटभर बोलू द्यावे. साठ मुलांच्या वर्गातही यामुळे प्रत्येकाला एकदा तरी बोलायला मिळते.

मग एकाला विचारावे. समजा तो म्हणाला, ‘नाही वाटत.’ अशा वेळी ‘बरोबर’ म्हणू नये, त्याचे उत्तर पुन्हा उच्चारू नये, फक्त ‘कोणत्या ओळीवरून?’ एवढेच विचारावे. तो ‘दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली’ ही ओळ वाचून दाखवेल आणि तिथेच थांबेल. ओळ सांगितली म्हणजे कारण दिले असे मुलांना वाटते, पण ओळ आणि उत्तर यांना जोडणारे ‘म्हणून’ अजून आलेले नसते. आपण तीन सेकंद गप्प राहिलो तर बरेचदा ते आपोआप येते: ‘तिला निरोप द्यायचा आहे, पण पाय निघत नाही, म्हणून.’ आले नाही, तर ‘या ओळीवरून तसे का वाटते?’ असे विचारावे.

यानंतर प्रश्न वर्गाकडे वळवावा: ‘याच मताला दुसरी ओळ कोणाकडे आहे? की कोणाला एखादी ओळ उलट सांगते आहे?’ कोणी म्हणेल की दोर बदलायला सांगून आजी त्याला थांबवू पाहते. कोणी म्हणेल की ती कामाचेच बोलते आहे, जाऊ नको असे कुठेही म्हणत नाही. दोन्ही वाचनांना आधार आहे, म्हणून इथे घाईने निकाल देऊ नये. मात्र ‘आजी आजारी आहे’ असे कोणी म्हटले तर त्यालाही तोच प्रश्न विचारावा. ओळ सापडत नाही हे त्याचे त्यालाच दिसते.

ही पद्धत बहुतेक दोन कारणांनी फसते. शांतता असह्य होऊन शिक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात, त्यामुळे मुलांचा विचार तुटतो आणि त्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. दुसरे असे की ‘कशावरून?’ फक्त चुकलेल्या उत्तरालाच विचारले जाते. मग तो शब्द ऐकताच मूल आपले उत्तर बदलते, ओळीकडे पाहतही नाही. अचूक उत्तरालाही त्याच स्वरात पुरावा मागितला, तरच ही भीती जाते.

बदल होतो आहे की नाही हे पाहायला मोबाइलवर एक तास ध्वनिमुद्रित करून ऐकावा. आपल्या दोन वाक्यांच्या मध्ये एकच मूल बोलत असेल, तर दुसरा थांबा अजून जमलेला नाही. दोन-तीन मुले एकामागून एक, आपण न विचारता, ‘पण खालच्या ओळीत तर...’ असे म्हणू लागली, की पुरावा मागण्याचे काम वर्गाने आपल्याकडे घेतले असे समजावे, आणि ‘कोणत्या ओळीवरून?’ हे विचारणे हळूहळू कमी करावे.